खुलासा: सीएनसी मशीनवर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी केला की फिनिश सुधारते?

“अ‍ॅल्युमिनियमवर चकचकीत फिनिश हवी तर फीड कमी करा.”

हे बहुतेक वेळा उलटं पडतं. ६ मिमीचा एकधारी कटर १८,००० आरपीएमवर ३०० मिमी/मिनिटाने चालवला, तर धारेला फेरीमागे जेमतेम ०.०१७ मिमी धातू मिळतो. मग धार कापण्याऐवजी घासते, तापते, तिला अ‍ॅल्युमिनियम चिकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडतो. चिप्सऐवजी भुकटी पडू लागली की हेच समजा. फीड ९०० करा. मशीनला झेपत नसेल तर १०,००० आरपीएमवर ५००. दोन्हीकडे ०.०५ मिमी मिळतो.

कमी करायचा तो स्टेपओव्हर, म्हणजे एका हातात कटर बाजूने किती धातू घेतो ते: भिंतीवर शेवटचा हात ०.२ मिमीचा. आणि कोपरे परवानगी देतील तितका जाड कटर घ्या. होल्डरमधून तेवढाच बाहेर काढलेला ३ मिमीचा कटर ६ मिमीच्यापेक्षा साधारण सोळापट जास्त वाकतो, भिंतीवर लाटा उमटतात.