आंबिलीतला लसूण कुठं गेला?

"ताप गेल्यावर तोंडाची चव जाते कारण जिभेवर विषारी थर बसतो. पोटात साठलेली घाण वर येते म्हणून भूक मरते. जीभ रोज लाल होईपर्यंत घासा, तीन दिवस कडक लंघन करा, मग झणझणीत तिखट खा. नाकात लसणाच्या रसाचे दोन-दोन थेंब सोडा, सगळी घाण वाहून जाईल. आठ दिवसांत चव परत. डॉक्टर हे सांगणार नाहीत. पुढे पाठवा."

सांगतो की. मी लातुरात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतो. वेळ अमावस्या होऊन चार-पाच दिवस झाले होते, तेव्हा औसा तालुक्यातल्या एक काकू आल्या. सोबत सूनबाई, आणि सूनबाईंच्या मोबाइलवर हा निरोप. दिवाळीनंतर घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप येऊन गेला होता. बाकीचे आठवड्यात बरे झाले, काकूंचं तोंड मात्र आळणीच राहिलं. "काय बी खाल्लं तर मातीच लागायलीय, डाक्टर." दीड महिन्यात वजन पाच किलोंनी उतरलेलं. जीभ घासून घासून तिच्या कडांना चिरा पडलेल्या.

थरापासून सुरुवात करू. तापात माणूस कमी खातो, पाणी कमी पितो, तोंडानं श्वास घेतो, म्हणून जिभेवर पांढरट थर जमतो. तो विषारी नसतो आणि खाणं-पिणं सुरू झालं की आपोआप उतरतो. थर दह्याच्या कवडीसारखा असेल, खरवडल्यावर खाली लाल दिसत असेल, तर ती बुरशी असू शकते. मधुमेह्यांना किंवा स्टिरॉइड घेतलेल्यांना ती होते, तिला औषध आहे, आणि तिच्यात खरोखर चव बिघडते. काही गोळ्यांनीही तोंड कडू होतं. काकूंच्या बाबतीत यातलं एकही कारण लागू नव्हतं.

त्यांची जीभ चांगली आहे की नाही हे बघायला मी चार वाट्या मांडल्या: साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाचं पाणी, आणि मेथीदाणे भिजवलेलं पाणी. डोळे मिटून एकेक चमचा, मध्ये साध्या पाण्यानं चूळ. काकूंनी चारही बिनचूक ओळखले, मेथीच्या पाण्याला तर तोंडही वाकडं केलं. म्हणजे जीभ शाबूत. मग बडीशेप दिली. आधी नाक चिमटीत धरून चावायला सांगितली, मग नाक सोडायला. काकू म्हणाल्या, "दोन्ही बी सारखंच. भुसा."

हा प्रयोग तुम्ही आत्ता घरी करून बघा. नाक घट्ट धरून चिमूटभर बडीशेप चावा. तोंडात किंचित गोडसर चोथा लागेल, बाकी काही नाही. आता चावता चावता नाक सोडा. एका क्षणात बडीशेप 'होते'. जिभेवर काहीच बदललेलं नसतं. घास चावताना आणि गिळताना पदार्थाची वाफ पडजिभेच्या मागून वर नाकात चढते. नाकाच्या छताशी, दोन भुवयांच्या मधल्या जागेमागे, टपालाच्या तिकिटाएवढा एक पातळ पडदा असतो. वास घेणाऱ्या पेशी तिथं. म्हणजे नाकाला दोन दारं आहेत. फुलाचा वास पुढच्या दारानं जातो, घासाचा मागच्या. पण मागच्या दारानं आलेला वास मेंदू तोंडाच्या खात्यावर मांडतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की चव जिभेला लागली.

जिभेचं स्वतःचं भांडवल तसं थोडंच आहे. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती रश्श्यात नि पिकलेल्या टोमॅटोत असते ती भरीव चव. नाकाकडे मात्र वास पकडणारे, पेशींवरचे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. एका वासानं त्यातले बरेच एकदम छेडले जातात, म्हणून हजारो वास वेगळे काढता येतात. येसराच्या आमटीतलं भाजलेपण, फोडणीतलं जिरं, आंब्याचं आंबेपण, हे सगळं नाकाचं. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात आंबील पिताना काकूंना आंबटपणा लागला, मीठ लागलं, माठातला गारवाही जाणवला. ठेचून घातलेला लसूण मात्र लागला नाही. त्यांना वाटलं सून विसरली, आणि तिथंच कडब्याच्या कोपीपाशी सर्वांदेखत बोलणं झालं. सूनबाईंना त्याचा राग अजून होता, आणि तो रास्त होता.

वास गेला का? सर्दीत नाक चोंदतं तेव्हा वाट बंद होते. नाक मोकळं झालं की वास परत येतो. काकूंचं नाक मोकळं होतं, दुर्बिणीतून आत सूज दिसली नाही, मांस वाढलेलं नव्हतं. अशा वेळी खराबी त्या पडद्यातच असते. सर्दीचे आणि फ्लूचे विषाणू हे करतात हे कोविडच्या आधीपासून माहीत होतं. कोविडनं एवढंच केलं की लाखो लोकांना एकदम हा अनुभव आला आणि संशोधन जोरात झालं. त्यात दिसलं की तो विषाणू मुख्यतः वास घेणाऱ्या पेशींना नव्हे, तर त्यांना धरून ठेवणाऱ्या आधारपेशींना गाठतो. मांडवाच्या मेढी पडल्या की वरचं छप्पर आपोआप बसतं, तसं. (कोविडमध्ये काहींची जिभेची चवही खरंच जाते, म्हणूनच त्या चार वाट्या.)

आता भूक. ताप असेपर्यंत भूक मरते ती वेगळ्या कारणानं: संसर्गाशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं तीच मेंदूतली भूक दाबतात. ती ताप उतरल्यावर परतते. काकूंची परतली नाही, कारण भुकेचा अर्धा कारभार जेवणाच्या आधी चालतो. शेजारच्या घरात फोडणी पडते आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तेव्हा पोटानं तयारी सुरू केलेली असते. ती सूचनाच मिळेनाशी झाली की माणूस ताटावर बसतो तो घड्याळ बघून. दोन घासांत कंटाळतो, कारण तिसरा घास पहिल्यासारखाच. आपल्याकडे म्हणतात ना, अन्नावरची वासना उडाली; शब्दातच वास बसलेला आहे. उलटही होतं. काही जण चवीच्या शोधात गोड आणि तळलेलं खात राहतात आणि वजन वाढतं. काकू वरणात दोनदा मीठ घालत होत्या, आणि त्यांना बीपीची गोळी चालू होती.

अशा माणसाला लंघन सांगणं म्हणजे ज्याचं वजन आधीच घसरतंय त्याला आणखी ढकलणं. त्यानं पडद्यातली एक पेशीही उगवत नाही. काकूंना शुगरची गोळीही होती. निरोप वाचून उपाशीपोटी ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी घाम फुटून बसल्या.

तिखटाबद्दल लोकांची फार पक्की समजूत आहे, आणि तिला कारणही आहे: काहीतरी लागतं! ठेचा खाल्ला की काकूंना झोंबायचं. "नुस्तं पेटायलंय, पण मिरचीचा वास न्हाई." तिखट ही चव नाही आणि वासही नाही. ती जळजळ आहे, चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूची. तो तंतू वेगळा, विषाणूनं त्याला सहसा हात लावलेला नसतो. कापूर, ओव्याची पुरचुंडी, बाम यांचंही बरंचसं तेच. थंड-झणझणीत जाणवतं, नाक मोकळं झाल्याचा भास होतो, आणि माणूस म्हणतो, "मला बामचा वास येतो." येत नसतो, झोंबतं. म्हणून वास तपासायचा तर बाम किंवा कांदा घेऊ नका. कॉफी पावडर, गुलाबपाणी, वेलदोडा असं काहीतरी घ्या.

लसणाच्या रसावर मात्र मी चिडतो. कच्च्या लसणाचा रस हातावर बांधून ठेवला तर कातडीला फोड येतात. नाकातलं अस्तर तर त्याहून नाजूक. रस सोडल्यावर नाकातून जे पाणी वाहतं ती पोटातली घाण नव्हे, भाजलेल्या अस्तराचं रडणं आहे. आणि बसून सोडलेले थेंब छतापर्यंत जातच नाहीत, तळावरून सरळ घशात उतरतात. नाकात काहीबाही घालून वास कायमचा गेल्याचे दाखले आहेत. 1937 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत पोलिओ टळावा म्हणून मुलांच्या नाकात जस्ताचं द्रावण फवारलं. पोलिओ टळला नाही, काही मुलांचा वास गेला. 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सर्दीसाठी नाकात घालायच्या जस्ताच्या जेलबद्दल हाच इशारा द्यावा लागला.

मग काकूंना काय दिलं? चार डब्या. गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये हेच चार वास घेऊन सराव करून घेतला, आणि न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत जास्त जणांना फरक पडला. डबीत कापसावर अर्क, सकाळी आणि रात्री प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद हळू हुंगायचा, आणि त्या वेळी तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. निदान 12 आठवडे. पडद्याच्या तळाशी नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी जन्मभर असतात. सरावानं त्या नव्या पेशींना वळण लागतं, असं मानतात. हमी कोणालाच देता येत नाही.

जेवणात मीठ वाढवायचं नाही, लिंबू नि दही वाढवायचं. ज्वारीच्या लाह्या, काकडी, कुरकुरीत पापड, म्हणजे दाताला तरी काम मिळतं. घरात आणखी एक नियम केला: गॅसचा कॉक सूनबाईंनी बघायचा. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि काकूंना ते कळणार नव्हतं. दूध उतू जाऊन करपलं तेव्हा त्या चुलीशेजारीच बसल्या होत्या.

फेब्रुवारीत फोन आला: वास आला, पण कुजका. कांदा परतला की गटार, कॉफी जळक्या रबरासारखी, हुरड्याची भट्टी पेटली तर पोटात ढवळायचं. घरचे घाबरले, मी थोडा निश्चिंत झालो. नव्या पेशी अर्धवट जोडल्या गेल्या की काही वास असे वाकडे येतात. कॉफीसारख्या भाजलेल्या पदार्थांतले काही रेणू अगदी कणभर असले तरी नाकाला कळतात, ते आधी जाणवू लागतात आणि बाकीच्यांच्या साथीशिवाय किळसवाणे लागतात. यात वजन परत उतरू शकतं. म्हणून गरम, भाजलेलं, फोडणीचं बंद. गार दहीभात, ताक, फळं, मोड आलेले मूग. गार अन्नातून वाफ कमी उठते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. सर्दी-ताप न येता वास गेला, एकाच नाकपुडीचा गेला, नाकातून रक्त येतं किंवा डोक्याला मार लागला होता, तर डब्या हुंगत बसू नका, तपासून घ्या.

काकूंचं वजन आता तीन किलोंनी भरून आलंय. लवंग आणि लिंबू ओळखू येतात, गुलाब कधी येतो कधी नाही. फोडणी अजून सूनबाईच घालतात, काकू तेव्हा अंगणात बसतात. आंबिलीतलं जिरं लागतं म्हणे. लसूण अजून नाही.