पडलं नाही तरी मणका दबतो, एक्स-रेत असं कळतं

"आई पडली नाही, पाठ पण फार दुखत नाही, मग मणका कसा मोडेल? उंची काय वयानं कमी होतेच की."

नाही ओ, असं नसतंय. हाडं ठिसूळ झाली की वाकून घागर उचलली तरी मणका दबतो आणि बऱ्याच जणांना कळतच नाही. खानापूरकडच्या एक मावशी आल्या, परकर जमिनीला लागायलाय म्हणाल्या, मोजलं तर तरुणपणापेक्षा 5 सेंमी कमी. 4 च्या वर गेलं की बाजूनं एक्स-रे काढायलाच पाहिजे. त्यांच्या छातीच्या बाराव्या मणक्याची मागची उंची 28 मिमी, पुढची 20, म्हणजे 8 मिमी गेले, जवळपास 29 टक्के. साधारण 20 टक्क्यांपुढं फ्रॅक्चर धरतात, 25 ते 40 मध्यम, त्यापुढं गंभीर.

पण नुसता आकडा धरून बसू नका, पाठीच्या मधले मणके मुळातच पुढून जरा बारीक असतात, म्हणून शेजारच्या मणक्यांशी ताडून बघायचं आणि वरची कड आत खचलीय का तेही, मावशींची खचलेली होती. पेशंट तिरका झोपला असला तर कड दुहेरी दिसून चांगला मणका पण खचल्यासारखा वाटतो, तेव्हा परत काढून घ्या. आणि फ्रॅक्चर ताजं की जुनं हे एका एक्स-रेवरून बहुतेक वेळा सांगता येत नाही, जुनी फिल्म असली तर घेऊन या, नाहीतर एमआरआय लागतो.