‘चेहऱ्यांवरी’ कुठून आलं?

*“‘गिरणी’ ही कविता वाचली. सुरुवात बोलल्यासारखी आहे, पण शेवटच्या भागात वीज येते आणि तुमची कविता एकदम झोपाळ्यावर बसते. मी ते मोठ्याने वाचलं तर नातीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाणंच लिहायचं तर यमक जुळवून सरळ गाणं लिहा. नसेल लिहायचं तर ओळी तोडून आमची फसवणूक का?”*

नमस्कार. नातीचा कान तयार आहे, आणि ते माझ्या आधी तिला कळलं याचं मला थोडं वाईट वाटलं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी वही काढली. छापलेला भाग असा आहे:

वीज परतली,
पट्टा फिरला,
पीठ पांढरे
उडू लागले.
रांगेमधले डबे हालले,
चेहऱ्यांवरी
हसू पसरले.

आता लघूची एक आणि गुरूची दोन अशा मात्रा मोजा. ‘वीज परतली’ आठ. ‘पट्टा फिरला’ आठ. ‘पीठ पांढरे’ आठ, ‘उडू लागले’ आठ. ‘रांगेमधले’ आठ, ‘डबे हालले’ आठ, ‘चेहऱ्यांवरी’ आठ (‘ऱ्यां’आधीचा ‘ह’ लघूच धरलाय, उच्चारात त्याच्यावर जोर येत नाही), ‘हसू पसरले’ आठ. म्हणजे आठ-आठचं चोख पादाकुलक वृत्त. त्यातही आठपैकी पाच तुकडे तीन अधिक पाच असे एकाच साच्याचे आहेत: वीज/परतली, पीठ/पांढरे, उडू/लागले, डबे/हालले, हसू/पसरले. टाळ्या वाजणारच. फसवायचा हेतू नव्हता एवढं मात्र खरं. ओळी तोडल्यावर मला वाटलं होतं की ठेका मोडला. पण ओळ डोळ्यांपुरतीच मोडते, कान तिला पुन्हा जोडून घेतो. म्हणून आता मी शंका आली की कविता परिच्छेदासारखी सलग लिहून काढतो आणि बोलण्याच्या वेगात वाचतो. तशी वाचूनही मान डोलायला लागली तर ओळी कुठे तोडल्या याला काही अर्थ उरत नाही.

मात्रा न मोजताही चोर सापडला असता. ‘चेहऱ्यांवरी’ हा शब्द बघा. मी आयुष्यात कधी कुणाला ‘तुझ्या चेहऱ्यावरी पीठ लागलंय’ असं म्हटलेलं नाही. ‘चेहऱ्यांवर’ लिहिलं असतं तर एक मात्रा कमी पडत होती, म्हणून हाताने आपणहून ‘री’ ओढला. ‘पीठ पांढरे’चंही तेच. बोलताना विशेषण आधी येतं, आणि मुळात गिरणीतलं पीठ पांढरं असतं हे कुणाला सांगायचं होतं? पाच मात्रांची जागा रिकामी होती, तिथे पांढरेपणा भरला. जुन्या गाण्याची चाल अशी शिरते: आधी ठेका येतो, मग तो भरायला शब्द येतात, आणि भरायला आलेले शब्द नेहमी कुणीतरी वापरलेलेच असतात. ‘हसू पसरले’ हे त्याचंच उदाहरण. त्या दिवशी गिरणीत कुणीही हसलं नव्हतं. सगळे वैतागलेले होते.

यमकाचं दुखणं मात्र आपल्या भाषेच्या घडणीतच आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि भूतकाळातली क्रियापदं ला-ली-ले वर संपतात. वाक्य संपलं तिथे ओळ संपवली की ‘लागले, हालले, पसरले’ अशी रांग फुकटात लागते. यमक जुळवावं लागत नाही, उलट हाकलावं लागतं. त्यात ‘लागले’ असं पुस्तकी रूप घेतलं की शेवटचा ‘ले’ लांबवता येतो, गाण्याला तेवढंच हवं असतं. बोलण्यातलं ‘लागलं’ तिथल्या तिथे थांबतं. हा फरक कागदावर टिंबाएवढा, पण तोंडात मोठा आहे.

पहिली दुरुस्ती मी चुकीची केली, तीही सांगतो. ‘वीज परतली’चं ‘वीज आली’ केलं. सात मात्रा, म्हणजे ठेका मोडला असं समजलो. बायकोला वाचायला दिलं तर तिने ‘आली’ नंतर किंचित थांबून आठवी मात्रा स्वतःच भरली आणि पुढे ‘पट्टा फिरला’ चालीतच म्हटलं. एखादी मात्रा कमी-जास्त केल्याने सुटका होत नाही. आपल्याला लहानपणापासून गाणी, आरत्या, शाळेतल्या कविता अशाच सांभाळून म्हणायची सवय आहे. मग कविता मुक्त होत नाही, फक्त लंगडं पद्य होतं.

दुसऱ्यांदा मात्रांना हात लावला नाही. वीज आली तेव्हा खरंच काय झालं ते आठवत बसलो. माझ्या आधी कुणाची तरी बाजरी दळली होती आणि वीज गेली तेव्हा तिचं थोडं पीठ आतच राहिलं होतं. ज्वारीत बाजरी मिसळू नये म्हणून गिरणीवाल्या काकांनी आधी तेवढं बाजूला काढलं. आता तो भाग असा आहे:

वीज आल्याचं आधी पट्ट्याला कळलं.
काका बाकड्यावरून उठले, आधीच्या
कुणाच्या तरी बाजरीचं मूठभर पीठ
बाजूला सारून माझा डबा
ओतला वरच्या तोंडात. ज्वारी,
साडेतीन किलो. पीठ गरम आहे, म्हणाले,
झाकण लावू नका एवढ्यात.

‘मग हे गद्यच की’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून ‘आधीच्या’पाशी थांबून दाखवतो. गद्यात तिथे थांबायचं कारण नाही. ओळ तिथे तुटली की क्षणभर आधीच्या कुणाचं काय, ते लोंबकळत राहतं. ‘माझा डबा’पाशी तसंच: डबा हवेत, आणि ओतणं खालच्या ओळीत. वाक्य पुढे ओढतं आणि ओळ मागे धरते, या दोघांच्या ओढाताणीतून जी लय येते ती मला हवी आहे. ती पाठ करून म्हणता येणार नाही, हे मान्य. तसंच वाक्याच्या मध्ये ओळ तुटल्यामुळे ‘कळलं’ आणि ‘म्हणाले’ सोडले तर एकही ओळ क्रियापदाच्या ‘ल’वर थांबत नाही. त्यातलं ‘म्हणाले’ही एकटं आहे, त्याला जोडीदार मिळू दिला नाही.

शेवटच्या ओळीत ‘झाकण लावू’ पुन्हा आठच मात्रा भरतात, हे तुम्ही मोजालच. ते ठेवलंय, कारण काका तसंच म्हणाले, आणि पुढचं ‘नका एवढ्यात’ नऊवर जातं. एका आठाने आवर्तन होत नाही, लागोपाठ दुसरा आठ आला की होतं.

आणि गाण्याशी माझं वैर नाही. मर्ढेकरांचे पिंपातले उंदीर याच आठ-आठ मात्रांत मेले. तिथे ती बडबडगीतासारखी चाल मुद्दाम आणली आहे, आणि तिच्यामुळेच अंगावर काटा येतो. माझ्या गिरणीत चाल न बोलावता आली होती आणि मी तिला ओळखलंही नव्हतं.

आता तुमच्या एका वाक्याशी असहमती. सुरुवात बोलल्यासारखी आहे असं तुम्ही म्हणता. कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. पण मोजायला बसलोच होतो म्हणून वर गेलो, तर तिसरी ओळ निघाली ‘उन्हात तापत उभी सायकल’. उन्हात/तापत चार आणि चार, उभी/सायकल तीन आणि पाच. तिला अजून हात लावलेला नाही. नातीला तेवढीच एक ओळ वाचून दाखवा आणि काय करते ते कळवा.