ग्राईप वॉटरचा फॉरवर्ड फिरतोय, त्याला ओळीने उत्तर

"बाळ संध्याकाळी किंचाळून रडतं म्हणजे पोटात गॅस. ग्राईप वॉटर आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही, १५ दिवसांच्या बाळालाही चालतं. ५ मिनिटांत गॅस निघून बाळ शांत. इंग्रजांच्या काळापासून पिढ्यानपिढ्या यावरच वाढल्या. तरीही नाही थांबलं तर मेडिकलमधून पोटदुखीचे ड्रॉप्स आणा. सगळ्या आयांना पाठवा."

मी मेडिकलच्या काउंटरवर बसते, आणि मोबाईलवर हाच मेसेज दाखवून बाटली मागणारे रोज कोणी ना कोणी येतातच, त्यामुळे एकदा नीट लिहून टाकते.

आधी ते आयुर्वेदिक प्रकरण. बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत ५ मिलीला साधारण ५० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे भजीच्या पिठात घालतो तो खायचा सोडा (काही लेबलांवर सर्जिकाक्षार असं भारदस्त लिहिलेलं असतं), आणि शेपूचं तेल ०.००५ मिली, म्हणजे एका थेंबाचा दहावा भाग वगैरे. बाकी गोड पाणी. साखर नसेल तर दुसरं काहीतरी गोड घातलेलं असतं, आणि हे गोड पाणी दुकानात वर्षभर उन्हाळ्या-पावसाळ्यात टिकायचं म्हणजे प्रिझर्वेटिव्ह आलंच, पॅराबेन किंवा ब्रोनोपॉल असं नाव शोधा, सापडेल. आता यातलं काही विष आहे असं मी म्हणत नाहीये, एका टोपणाने बाळाला काही होत नाही बहुतेक वेळा. पण पहिले ६ महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं साधं पाणीसुद्धा देऊ नका असं प्रत्येक डॉक्टर सांगतो, आणि आपण हे मात्र दिवसातून तीनदा बोंडल्याने पाजतो, ते बोंडलंही नुसतं खळखळून ठेवलेलं. सीलबंद बाटली म्हणजे शुद्ध असंही नाही हं, २००७ साली अमेरिकेत एका ब्रँडच्या ग्राईप वॉटरमध्ये जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला होता, ६ आठवड्यांचं एक बाळ आजारी पडलं तेव्हा ते कळलं.

गॅस. सोडा पोटातल्या ॲसिडला भेटला की कार्बन डायऑक्साईड तयार होतो, शाळेतला प्रयोग. ५० मिलिग्रॅम सोडा पूर्ण विरघळून गेला तर साधारण १५ मिली गॅस बनतो, तीन छोटे चमचे. म्हणजे बाटली दिल्यावर बाळ जो मोठा ढेकर देतं आणि आजी म्हणते "बघ, निघाला", त्यातला काही गॅस आपणच आत्ता घातलेला असतो! आणि गॅसमुळे रडतं हेही पक्कं नाही, उलट तास-तासभर रडताना बाळ तोंडाने हवा गिळतं आणि मग पोट गच्च लागतं.

पण ५ मिनिटांत शांत होतं ते खरं आहे, मी नाकारत नाही. गोडामुळे होतं. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की ते काही मिनिटं शांत होतं, टाचेतून रक्त घेताना कितीतरी दवाखान्यांत हेच करतात. काही मिनिटांनी असर उतरतो आणि बाळ पुन्हा सुरू, मग आपण पुन्हा टोपण भरतो.

यात फसगत कशी होते ते एका बाळावर बघा. समजा ३ आठवड्यांचं असताना संध्याकाळी ६ ते ९ रडायला लागलं. ६ आठवड्यांच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं, घरचे हैराण, त्याच आठवड्यात कोणीतरी बाटली आणून देतं. आठव्या आठवड्यात थोडं कमी, तिसरा-चौथा महिना लागता लागता जवळजवळ बंद. आता श्रेय कोणाला? बाटलीला. पण काहीच न देताही हे संध्याकाळचं रडणं, ज्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात, ते याच वेळापत्रकाने चढतं आणि याच वेळापत्रकाने उतरतं, वैतागून बाटली आणतो तीच नेमकी उतार सुरू व्हायची वेळ असते.

इंग्रजांच्या काळाचं म्हणाल तर विल्यम वुडवर्ड नावाच्या नॉटिंगहॅमच्या औषधवाल्याने १८५१ मध्ये हे काढलं, आणि त्या जुन्या बाटलीत अल्कोहोल होतं, साधारण ३.६ टक्के, बिअरच्या जवळपास. बाळ झोपणारच की! १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते काढून टाकलं, आज आपल्याकडे जे मिळतं त्यातही ते नसतं. त्यामुळे ज्या बाटलीने त्या पिढ्या गप्प झोपल्या ती आणि आजची एकच नाही.

आता शेवटची ओळ, आणि खरं सांगायचं तर या एका ओळीसाठीच मी हे सगळं टाईप करतेय. पोटदुखीचे ड्रॉप्स हे एक औषध नाही. काहींत फक्त सिमेथिकोन असतं, ते बुडबुडे फोडतं, रक्तात जात नाही, फारसं बिघडवत नाही आणि चाचण्यांमध्ये कॉलिकवर बिनऔषधी थेंबांपेक्षा जास्त उपयोगही दिसला नाही. पण काही बाटल्यांत सिमेथिकोनसोबत डायसायक्लोमिन असतं, बऱ्याचदा १ मिलीत १० मिलिग्रॅम, आणि बाटली तेवढीच छोटी, ड्रॉपर तसाच, खोक्यावर हसरं बाळ. डायसायक्लोमिनने रडणं खरंच कमी होतं, म्हणून तर लोक परत मागतात. पण ते घेतल्यावर तान्ह्या बाळांचा श्वास अडकल्याच्या, झटके आल्याच्या, बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत आणि त्यामुळे १९८० च्या दशकातच ६ महिन्यांखालच्या बाळांना ते देऊ नये असं ठरलं. कॉलिक तर ६ महिन्यांखालीच असतं! म्हणजे ज्या वयासाठी लोक मागतात नेमकं त्याच वयाला ते बंद आहे. घरात अशी बाटली असेल तर आत्ता नाव वाचा, डायसायक्लोमिन किंवा डायसायक्लोव्हेरिन, दोन्ही एकच. मोठ्या भावंडासाठी लिहून दिलेली बाटली धाकट्याला वापरतात तेही असंच. ते देऊन झालं असेल आणि बाळ उठवलं तरी उठत नसेल, अंग ढिलं वाटत असेल, श्वास थांबून थांबून येत असेल तर बाटली हातात घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा, आणि किती थेंब, किती वाजता दिले ते सांगा.

बाटलीचा आणखी एक तोटा असा की आधी दोन दिवस ती देऊन बघू म्हणत दुसरं कारण बघायचं राहून जातं. रडणारं बाळ एकदा पूर्ण उघडं करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, त्यातला एखादा मोज्यात जाऊन पायाच्या बोटाला करकचून गुंडाळतो आणि बोट लाल-जांभळं सुजतं, ते मोजा काढल्याशिवाय दिसतच नाही. जांघेत घट्ट गाठ लागतेय का तेही बघा, हर्निया अडकलेला असू शकतो. हिरवी उलटी, शौचातून रक्त, ३ महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्यावर ताप, दूध सोडून देणं, किंवा मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळणं आणि मध्ये एकदम गळून पडणं, यातलं काहीही असलं तर त्याच रात्री दवाखान्यात, सकाळची वाट नाही. यातलं काही नसेल, वजन वाढतंय, दूध पितंय, तर ते ६ ते ९ कसेतरी काढायचे असतात, खांद्यावर उभं धरून, ढेकर काढून, दिवा बारीक करून, दोघातिघांनी आळीपाळीने. आणि फारच डोकं फिरलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून ५ मिनिटं बाहेर जाऊन या, रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवायचं मात्र नाही.