राखीव म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे

«ताळेबंद दोन मिनिटांत! १) दोन्ही बाजू जुळल्या की हिशेब बरोबर. २) राखीव निधी म्हणजे कंपनीने बाजूला ठेवलेले पैसे, अडचणीत हेच कामी येतात. ३) चालू गुणोत्तर दोनच्या वर असेल तर कंपनी देणी आरामात फेडते. ४) डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता, एवढं पाठ करा. सगळ्या कॉमर्सवाल्यांना पाठवा.»

हे सगळ्या कॉमर्सवाल्यांना गेलं, त्यात माझी भाचीही आली. परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि वर तिचा प्रश्न: "मामा, मग एवढा राखीव असून कंपन्या कर्ज का काढतात?" प्रश्न चोख आहे. घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे, म्हणून तोच आधी.

कुठेच नसलेली एक पापड कंपनी घेऊ. भागधारकांनी २,००,००० घातले, बँकेने १,००,००० कर्ज दिलं. १,२०,००० चं यंत्र घेतलं, खात्यात १,८०,००० उरले. वर्षभरात ५,००,००० चे पापड विकले. विकलेल्या मालाचं पीठ-मसाला २,५०,०००, मजुरी, भाडं, वीज, व्याज मिळून १,५०,०००, यंत्राचा घसारा २०,०००. नफा ८०,०००. कर सोडून देऊ. लाभांश वाटला नाही, म्हणून पूर्ण ८०,००० 'राखीव व आधिक्य' या शीर्षाखाली गेले. ३१ मार्चचा ताळेबंद असा:

भांडवल २,००,०००
राखीव व आधिक्य ८०,०००
बँक कर्ज ८०,०००
पीठवाल्याचं देणं ४०,०००
एकूण ४,००,०००

यंत्रं १,६०,०००
मालाचा साठा ९०,०००
दुकानदारांकडून येणं १,४०,०००
बँकेत १०,०००
एकूण ४,००,०००

राखीव ८०,०००, बँकेत १०,०००. 'बाजूला ठेवलेले' पैसे दाखवा बघू.

ते गेले कुठे, तेही बघा. दुकानदारांनी ३,६०,००० च दिले. पिठाचे ३,००,००० चुकते केले, मजुरी वगैरेंचे १,५०,००० गेले, ६०,००० चं दुसरं यंत्र आलं, कर्जाचे २०,००० फेडले. सुरुवातीचे १,८०,००० धरून उरले १०,०००. नफा झाला हे खोटं नाही. तो दुसऱ्या यंत्रात, साठ्यात आणि दुकानदारांच्या वहीत जाऊन बसलाय. राखीव हा आकडा एवढंच सांगतो की धंद्यातल्या मालमत्तेपैकी इतका हिस्सा न वाटलेल्या नफ्यातून आला. कशात गुंतला, ते मालमत्तेची बाजूच सांगणार. उद्या दुकानदारांनी ५०,००० आणून दिले तर येणं ९०,००० होईल, बँकेत ६०,००० दिसतील, राखीव मात्र एका रुपयानेही हलणार नाही. कर्ज का काढतात, याचं उत्तर यातच आहे.

निम्मा दोष आपल्या मराठीचाही आहे, हे कबूल करतो. 'राखीव निधी' म्हटलं की डोळ्यापुढे कुलूपबंद पेटीच येते. कंपनी कायदा २०१३ ची अनुसूची ३ मात्र हा फरक करते: ज्या राखिवासमोर खास त्याच्यासाठी बाजूला काढलेली गुंतवणूक असेल, त्यालाच 'फंड' म्हणायचं. म्हणजे पैसे खरोखर बाजूला ठेवलेत का, ते गुंतवणुकीच्या शीर्षात शोधायचं. आपल्या पापडवाल्यांकडे ते शीर्षच नाही.

पहिला मुद्दा. यंत्राच्या दुरुस्तीचे ५,००० खर्चात न टाकता यंत्राच्या किमतीत मिळवा. नफा ५,००० ने फुगतो, यंत्रही ५,००० ने फुगतं, बाजू जुळलेल्याच. मोठं उदाहरण हवं असेल तर सत्यम ही आयटी कंपनी: ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तो ताळेबंदही जुळलेलाच होता. न जुळणं म्हणजे चूक नक्की. पण जुळला म्हणून बरोबर ठरत नाही. शिलकीची खात्री बँकेकडूनच करून घ्यावी लागते.

चौथ्यावर वेळ घालवत नाही. ती आडवी मांडणी भागीदारीच्या गणितांत भेटते. कंपनीचा ताळेबंद अनुसूची ३ प्रमाणे उभा असतो: वर भांडवल व देणी, खाली मालमत्ता.

तिसऱ्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मानतो. गुणोत्तर दोनच्या वर असणं चांगलंच. आपल्या कंपनीची चालू मालमत्ता २,४०,०००. चालू देणी पीठवाल्याचे ४०,००० आणि पुढच्या वर्षी फेडायचे कर्जाचे २०,०००, मिळून ६०,०००. (ही २०,००० ची रक्कम मुलं हमखास विसरतात, कारण ती कर्जाच्या आकड्यात दडलेली असते.) चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागा, गुणोत्तर चार! आता पीठवाला सोमवारी ४०,००० मागायला आला, तर बँकेत १०,०००. दुकानदार 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात, आणि साठ्यातले पापड पावसात मऊ पडले तर त्या ९०,००० चे किती येतील, हे गुणोत्तरात दिसत नाही. म्हणून भाचीला सांगितलं, चार लिहून थांबू नकोस; येणं किती दिवसांचं थकलंय ते बघ. १,४०,००० म्हणजे वर्षाच्या विक्रीतले साधारण १०२ दिवस.