सत्कारमूर्ती 17, नारळ 11

आरोग्य दिनाला गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताईंचा सत्कार करायचा, हा ठराव चहा निवायच्या आत मंजूर होतो. पुढची यादी मात्र आम्हा समितीवाल्यांचा घाम काढते.

5,000 लोकवस्तीचं गाव धरा. साधारण 1,000 लोकांमागे एक आशा, म्हणजे 5. अंगणवाड्या 6 असतील तर सेविका 6 आणि मदतनीस 6. एकूण 17. समितीच्या कागदावर नावं भरतात 11, आणि नारळही तेवढेच येतात. बैठकीला सेविका येते. मदतनीस त्या वेळी पोरांची खिचडी ढवळत असते, म्हणून ती कुणाला आठवत नाही. मग ऐन वेळी तिला गुलाबाच्या फुलावर भागवलं जातं, आणि सेविकेला शाल घेताना तिच्याकडे बघवत नाही.

यादी एका ठिकाणी मिळेल ही आशा सोडा. आशा आरोग्य खात्याच्या. त्यांची नावं गटप्रवर्तकांकडे. अंगणवाडी महिला व बालविकासाची. ती नावं पर्यवेक्षिकेकडे. दोघींना वेगवेगळा फोन करा, आणि प्रमाणपत्र छापण्याआधी प्रत्येकीकडून तिचं नाव तिच्याच अक्षरात लिहून घ्या. बँकेत माहेरचं आणि नेमणूकपत्रात सासरचं नाव असणाऱ्या बऱ्याच निघतात. सरसकट ‘सौ.’ तर छापूच नका. या कामात विधवा आणि एकट्या बायकाही आहेत, व्यासपीठावरून ‘सौ.’ पुकारल्यावर मांडवात जी शांतता पसरते, ती निवेदकाला कुठल्याही शेरानं भरून काढता येत नाही. ‘श्रीमती’ लिहा, विषय संपला.

आता वेळ. आपण हटकून लसीकरणाचाच दिवस निवडतो, कारण गर्दी आयती मिळते. पण ती आयती नसते. लस कुणाची बाकी आहे, ही यादी हातात घेऊन आशाच दारोदार फिरते, तेव्हा आया येतात. तिला सकाळी 10 वाजता सत्कारमूर्ती म्हणून खुर्चीत बसवली की अंगणवाडीत वजनकाटा मोकळा आणि आरोग्यसेविका वाटेकडे डोळे लावून. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की 4 तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. प्रमुख पाहुण्यांना अशी मुदत कुणीच घातलेली नाही.

म्हणून सत्कार लसीकरण आटोपल्यावर ठेवा, आणि पाहुण्यांचा सत्कार सगळ्यात शेवटी. आधी त्यांचा उरकला की अर्धे जण ‘पुढे एक कार्यक्रम आहे’ म्हणून उठतात, आणि 17 जणींना शाली घालायला एकटे सरपंच उरतात. एकीला एक मिनिट धरलं तरी फोटोसकट अर्धा तास जातो. फोटोवाल्याला आधीच बजावून ठेवा: चेहरा ताईंचा हवा, पाठ पाहुण्यांची चालेल. पाहुणे आपोआप वळतात.