माथेरान व्हिडिओवरच्या दोन-तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★ "व्हिडिओत स्क्रीनवर माणशी १,९०० लिहिलंय. आम्ही डिसेंबरच्या शनिवारी चौघं गेलो, मी, नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. १६,००० गेले. दस्तुरीवर शटल फुल आहे म्हणाले म्हणून घोडे घ्यावे लागले. खोली ५,००० ची. आणि तुम्ही 'सोडा' म्हटलेला पॅनोरमा पॉईंटच सगळ्यात सुंदर निघाला. आकडे दाखवून लोकांना फसवू नका."

नमस्कार. हिशेबाचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत. नाहीतर "महाग पडलं" आणि "नाही पडलं" यावरच आपण अडकून राहिलो असतो.

आमच्या आकड्याने चौघांचे ७,६०० होतात, म्हणजे फरक ८,४०० चा. त्यातले ६,१०० घोड्यांचे आहेत. खोलीमुळे फरक पडला तो १,४०० चाच, कारण चौघांसाठी आम्ही दोन साध्या खोल्यांचे ३,६०० धरले होते. उरलेले नऊशे अख्खी टॅक्सी आणि जेवणात गेले. तेव्हा खोली नव्हे, घोड्यांनी सहल महाग केली, आणि त्याचा निर्णय दस्तुरीवरच्या दहा मिनिटांत झाला. म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगतो.

नेरळहून टॅक्सी दस्तुरीपर्यंतच येते. तिथून पुढे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी, म्हणून बाजारपेठेपर्यंतचे अडीचएक किलोमीटर शटलने, पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने जायचे. ई-रिक्षा मोजक्याच आहेत, त्यांच्या भरवशावर बेत आखू नये. शटल म्हणजे माथेरान स्टेशनापर्यंतची मिनी ट्रेनची छोटी फेरी, ती सुटते अमन लॉज स्टेशनातून आणि हे स्टेशन दस्तुरीच्या पार्किंगमधून दिसत नाही. गेटवर माणशी ५० रुपये भरून पाच-दहा मिनिटं आत चालत गेलं की लागतं. सगळी गोम इथेच आहे. पार्किंगमध्ये जो माणूस "शटल फुल" म्हणतो, तो तुम्ही तिकिटाची खिडकी बघायच्या आधी म्हणतो. शटलला आगाऊ आरक्षण नसतं. प्रत्येक फेरीचं तिकीट सुटायच्या पाऊण तास आधी खिडकीवर मिळतं, संपलं की संपलं. म्हणजे "फुल" हा शब्द खरा असला तरी तो पुढच्या एका फेरीपुरता. त्यानंतरची फेरी कधी आहे हे खिडकीवरच विचारायचं, आणि शनिवार-रविवारी फेऱ्या वाढवलेल्या असतात. सेकंड क्लासचं तिकीट शंभराच्या आत आहे.

घोडेवाल्यांवर माझा राग नाही. ज्या गावात गाडी जात नाही तिथे त्यांचंही पोट त्यावरच आहे, सामानही घोड्यांवर आणि हातगाड्यांवरच वर जातं आणि म्हणून वरचं जेवण, पाण्याची बाटली हे सगळं खालच्यापेक्षा महाग असतं. पण घोडा घ्यायचा तर हौस म्हणून घ्यावा, शटल नाही असं वाटून घेऊ नये.

सासूबाईंना तासभर रांगेत उभं करणं कठीण, हे मान्य. तुमच्या जागी मी एकाला खिडकीवर उभं केलं असतं, बाकीच्यांना फलाटावर बसवलं असतं आणि पहिली फेरी हुकली तर दुसरीने गेलो असतो. चालणारे असतील तर रुळांच्या कडेने झाडीतली वाट पाऊण तासाची आहे, चढ फारसा नाही. सामानाला हमाल मिळतो. (खाऊची पिशवी मात्र हातात उघडी धरू नका. माकडं रांगेत उभी राहत नाहीत.)

आता १,९०० कुठून आले ते. ठाण्याहून नेरळ लोकलने जाऊन-येऊन पन्नासच्या आत, शेअर टॅक्सी येता-जाता दोनशे, प्रवेशाचे पन्नास, शटल दोन्ही वेळा मिळून शंभर-सव्वाशे, दोघांत एक साधी खोली म्हणजे माणशी नऊशे, आणि जेवण-चहा सहाशे. हा दोन धडधाकट माणसांचा, खोली आधी फोनवर ठरवून गेल्याचा आकडा आहे, आणि व्हिडिओत तो खर्च दाखवताना खाली "दोघांसाठी, खोली आधी ठरवून" ही ओळ आहे. दस्तुरीवर भेटलेल्या एजंटकडून शनिवारी दुपारी खोली घेतली की भाव चढतो, कारण त्यात त्याचं कमिशन असतं आणि तोवर स्वस्त खोल्या भरलेल्या असतात. हॉटेलांची नावं आम्ही सांगत नाही ते यामुळेच, आम्हाला त्यातून काही मिळवायचं नाही.

पॅनोरमाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. जागा सुंदर आहे, पेबचा किल्ला समोर, सकाळचं ऊन. व्हिडिओत आम्ही तो "वाईट" म्हटलेला नाही, "एका मुक्कामात सोडा" म्हटलंय. तो उत्तरेच्या टोकाला आहे, बाजारपेठेपासून साधारण पाच किलोमीटर. इको, लुईझा आणि शार्लोट तलाव दुसऱ्या बाजूला एकमेकांजवळ आहेत, ते पायी अर्ध्या दिवसात होतात. पॅनोरमा पायी केला तर रविवारची सकाळ संपते, घोड्याने केला तर तुमच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम होते. तुम्ही ती दिलीत आणि तुम्हाला ती वसूल वाटली, उत्तम. दोन मुक्काम असतील तर आम्हीही जा असंच सांगू. सासूबाईंसाठी मात्र बाजाराजवळचा खंडाळा पॉईंट बरा, तिथे दमायला होत नाही.

परतीचं कुणी विचारत नाही, पण खरी कसोटी तिथे लागते. रविवारी दुपारी माथेरान स्टेशनवर रांग लांबते आणि त्याच वेळी खाली मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो. म्हणून आम्ही सकाळी लवकर उतरा असं सांगतो. ब्लॉकची वेळ आदल्या दिवशी जाहीर होते, ती बघून निघायचं. आणि माथेरानला जाताना नेरळला थांबणारी कर्जत किंवा खोपोली लोकलच धरा. बदलापूर, अंबरनाथच्या गाड्या तिथवर येत नाहीत.

मिनी ट्रेनने थेट नेरळहून वर जाणं आम्ही "मिळाली तर घ्या" या खात्यात ठेवलंय. १९०७ ची, दोन फूट रुंदीच्या रुळावरची, २१ किलोमीटरची गाडी, बसायला मजा आहे. पण फेऱ्या थोड्या, वेळ अडीच तासांहून जास्त, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. तिच्यावर दोन दिवसांचा बेत टांगू नये.

ज्येष्ठ आणि लहान मूल बरोबर असताना शेअर टॅक्सी, दोन खोल्या आणि एका बाजूचा एक घोडा धरून वेगळा आकडा लागतो. तो आम्ही व्हिडिओच्या वर्णनात वेगळ्या ओळीत देणार आहोत. तुमच्या बिलाचे फोटो त्यासाठी वापरले तर चालेल का, तेवढं कळवा. नाव दिसणार नाही.